शब्दचर्चा : ‘पठार’ कलतं की खचतं?

प्रश्न (परिचारिका, चिकोडी)
ऑपरेशन थिएटरमधल्या नव्या सिस्टरांसाठी कॅप्नोग्राफीची मराठी टिपणं करतेय. कन्नड आणि इंग्रजी टिपणं आहेत, पण खानापूर-निपाणीकडच्या मुली रात्रपाळीला एकमेकींशी मराठीतच बोलतात. श्वास सोडताना पडद्यावर कार्बन डायऑक्साइडची जी रेघ उठते, तिच्या भागांना मी नावं दिलीत. आधी नळीतली आणि श्वासनलिकेतली हवा बाहेर येते, तिच्यात तो वायू नसतोच, रेघ शून्यावर राहते, तो ‘तळ’. मग ‘चढ’. मग वायुकोशांतली हवा येते तेव्हाचं ‘पठार’. श्वास आत गेला की रेघ सरळ खाली, तो ‘कडा’.

अडलंय ते पठारावर. दमेकऱ्याची रेघ सपाट होतच नाही, शेवटपर्यंत तिरकी चढत राहते. तिला पठार म्हणावं का? इंग्रजीत त्या आकाराला शार्कचा पर म्हणतात.

निवृत्त शिक्षक, निपाणी
आधी मूळ शब्द पाहू. ग्रीक ‘कॅप्नोस’ म्हणजे धूर, आणि आजच्या ग्रीकमध्ये तंबाखूलाही तोच शब्द आहे. कन्नडमध्ये धूर म्हणजे ‘होगे’ आणि तंबाखू ‘होगेसोप्पु’, धुराचा पाला. आमच्या तंबाखूच्या गावाला हे नातं लगेच कळेल. म्हणून मी ‘धूम्रालेख’ सुचवतो. विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसात धूर जास्त, म्हणून त्याची रेघ उंच जात असणार. तिरकेपणाचं कारणही तेच असावं.

भूलतज्ज्ञ, बेळगाव
गुरुजी, व्युत्पत्ती अगदी बरोबर, होगेसोप्पुचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण निष्कर्ष तसा निघत नाही. हे यंत्र धूर मोजत नाही, आणि विडीमुळे रेघ उंच होत नाही, तिचा आकार बिघडतो. निरोगी फुप्फुसाचे बहुतेक वायुकोश जवळजवळ एकाच वेळी रिकामे होतात, म्हणून चढ झटकन संपतो आणि पुढे रेघ जवळपास आडवी जाते. चढ आणि पठार मिळतात तिथे स्पष्ट कोपरा दिसतो, काटकोनाहून थोडा मोठा. श्वासनळ्या आवळल्या की काही भाग लवकर रिकामे होतात, काही रेंगाळतात. रेंगाळणाऱ्या भागांत कार्बन डायऑक्साइड जास्त साठलेला असतो आणि तो शेवटी शेवटी येतो. म्हणून कोपरा पुसला जातो आणि रेघ चढतच राहते.

ताई, पठार हाच शब्द ठेवा. चोर्ला घाटाच्या माथ्यावरची पठारंही टेबलासारखी सपाट नाहीत. थोडा चढ निरोगी माणसातही असतोच. मात्र दमेकऱ्यासाठी नवं नाम शोधण्यापेक्षा क्रियापद द्या: ‘पठार कललं’.

108 वरचा, खानापूर
शार्क आमच्या पोरांनी कुठं बघितलाय? मालवणाकडं त्याला मुशी म्हणतात, पण मुशीचा पर म्हटलं तरी खानापुरात कुणाला कळायचं नाही. ‘विळ्याचं पातं’ म्हणा की.

वाचक, संकेश्वर
माझ्या वडिलांना बोटाला लावायचं यंत्र आणलंय. त्यात लाटा दिसतात आणि 94 आकडा येतो. त्यांची लाटही कधी कधी तिरकी दिसते. म्हणजे दमा म्हणायचा का?

भूलतज्ज्ञ, बेळगाव
नाही हो. बोटावरची लाट नाडीची, आकडा रक्तातल्या ऑक्सिजनचा. इथे चाललंय ते सोडलेल्या श्वासाबद्दल. तुमच्या लाटेवरून दमा ओळखता येणार नाही. वडिलांना दम लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

ताई, ‘कललं’ हा शब्द इतका आग्रहाने का सांगतोय, ते एका रुग्णावरून सांगतो. वय अठ्ठावन्न, तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेलं, हर्नियाचं ऑपरेशन, पूर्ण भूल. श्वासनलिकेत नळी घातल्यावर पडद्यावर EtCO2, म्हणजे श्वासाच्या शेवटी मोजलेला कार्बन डायऑक्साइड, 34. सर्वसाधारण 35 ते 45 धरतात, त्यामुळे नव्या सिस्टरला वाटलं, किंचित कमी आहे, ठीक आहे. पण रेघ विळ्याच्या पात्यासारखी होती. व्हेंटिलेटर मिनिटाला 18 श्वास देत होता, म्हणजे श्वास सोडायला जेमतेम दोन सेकंद. रेघ चढत असतानाच पुढचा श्वास आत येत होता. यंत्र शेवटचा बिंदू वाचतं, आणि इथे तो पठाराचा शेवट नव्हता, चढाचा मधला टप्पा होता. मी एकच श्वास मुद्दाम लांब सोडू दिला. आकडा 45 वर गेला. धमनीतल्या रक्तात 52 निघाला. निरोगी माणसात हा फरक बहुधा दोन ते पाचचा असतो, इथे पडद्यावरच्या 34 पासून अठराचा होता.

परिचारिका, चिकोडी
पण सर, नळी दुमडली तरी रेघ अशीच होते ना? आम्हाला तसं शिकवलंय.

भूलतज्ज्ञ, बेळगाव
होते, आणि रेघ दोन्हींतला फरक सांगत नाही. म्हणून आधी सक्शनची बारीक नळी आतून घालून पाहिली. ती अडखळली असती तर नळी दुमडलेली, दाताखाली दबलेली किंवा कफाने बुजलेली धरली असती. ती सरळ गेली, आणि दोन्ही बाजूंना घरघर ऐकू आली. मग भूल थोडी वाढवली, नळीतूनच श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल दिलं, श्वास मिनिटाला 10 केले. दहाएक मिनिटांत कोपरा परत दिसू लागला. आकडा 41 झाला, रक्तात 47. पडद्यावरचा आकडा वाढला आणि रुग्ण सुधारला, हे त्या सिस्टरला पटायला वेळ लागला.

एक मर्यादा टिपणात लिहाच. आवळण फारच वाढली तर हवा जातच नाही, मग पातंही उरत नाही, रेघ झोपते. नळी अन्ननलिकेत गेली तरी तेच दिसतं. अशा वेळी ‘दमा असेल’ म्हणत बसायचं नाही. आधी नळी चुकीच्या जागी आहे असंच धरायचं.

108 वरचा, खानापूर
आमच्या ट्रेनिंगात छाती दाबतानं रेघ दाखवली होती. आकार चौकोनीच, पण ठेंगणा. हे पण कललेलंच काय?

भूलतज्ज्ञ, बेळगाव
नाही, आणि हा चांगला प्रश्न काढलात. तिथे श्वासनळ्या मोकळ्या असतात, म्हणून कोपरा शाबूत. पण फुप्फुसापर्यंत रक्तच कमी येतं, तर कार्बन डायऑक्साइड आणणार कोण? वायुकोशांतून जवळजवळ रिकामी हवा बाहेर पडते. पठार सपाटच राहतं, खाली बसतं. त्याला मी ‘खचलं’ म्हणेन. दाबताना आकडा दहाच्या खाली असेल तर दाबणाऱ्याचा हात थकलाय का, दाब पुरेसा खोल जातोय का, ते बघा. अचानक पस्तीस-चाळीसवर उडी मारली तर हृदय सुरू झाल्याची शक्यता मोठी, नाडी तपासा.

परिचारिका, चिकोडी
श्वास जोरात दिले तरी पठार खाली येतं. त्यालाही खचलं म्हणायचं?

भूलतज्ज्ञ, बेळगाव
तिथे ‘उतरलं’ म्हणा. श्वास वाढवले की ते काही मिनिटांत हळूहळू उतरतं. व्हेंटिलेटरला हात लावलेला नसताना पाच-सहा श्वासांत पडलं आणि रक्तदाबही पडला, तर ते खचणं: रक्तस्राव, फुप्फुसाच्या धमनीत गुठळी, असं काही.

निवृत्त शिक्षक, निपाणी
माझा अंदाज चुकला, मान्य. पण मराठीत ‘खचणं’ जमिनीच्या आतून होतं, पाण्याने माती वाहून गेली की. रक्त येईनासं झाल्यावर वरचं पठार बसणं, हा शब्द इथे नेमका आहे. मात्र सिस्टर घाईत ‘खचलं’ आणि ‘घसरलं’ यात गोंधळ करतील.

परिचारिका, चिकोडी
गुरुजी, ‘कललं’ आणि ‘खचलं’ घेते. ‘उतरलं’बद्दल मुलींना विचारून बघते. कड्याचा प्रश्न राहिलाच. एका पुस्तकात त्याला शून्य टप्पा म्हटलंय, दुसऱ्यात चौथा.

भूलतज्ज्ञ, बेळगाव
चौथा म्हणू नका. पठाराच्या अगदी टोकाला कधी कधी छोटी शेंडी वर उठते, गरोदर किंवा स्थूल रुग्णांत दिसते. काही जण तिलाच चौथा म्हणतात.

108 वरचा, खानापूर
मग आकडेच नकोत. कडा म्हटलं की आम्हाला कळतंय.

परिचारिका, चिकोडी
परीक्षेत आकडे विचारतात हो. दोन्ही लिहावे लागतील.