मदत हवी आहे: बेकरीतल्या नव्या सावरडो पावाचा व्हिडिओ, स्क्रिप्टचा शेवट जमत नाहीये

ओव्हनवाली

नमस्कार मंडळी. माझी छोटी बेकरी आहे. मी आणि एक मदतनीस, इतकाच कारभार. येत्या सोमवारपासून सावरडो पाव विकायला ठेवतेय आणि त्यासाठी पाऊण मिनिटाचा उभा व्हिडिओ करायचाय. मोबाइलवरच शूट करणार, आवाज माझाच. स्क्रिप्ट लिहिली आहे, पण शेवटच्या दोन ओळी वाचताना घशात अडकतात. माझं गिऱ्हाईक ओळखीचं आहे, रोज समोर उभं राहणारं. त्यांच्याशी मी असं कधी बोलत नाही. मागणी तर घालायची आहे, पण गळ्यात पडल्यासारखं वाटायला नको.

आत्ताची स्क्रिप्ट अशी:

"नमस्कार मित्रांनो! आमच्या बेकरीत तुमचं मनापासून स्वागत. आज आम्ही घेऊन आलो आहोत एक खास, आरोग्यदायी पदार्थ, अस्सल सावरडो! ना यीस्ट, ना प्रिझर्व्हेटिव्ह. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. एकदा खाल तर पुन्हा पुन्हा मागाल! मग वाट कसली बघताय? आजच ऑर्डर करा, मोजकेच नग शिल्लक! लाइक करा, शेअर करा, पेज फॉलो करा आणि मित्रमैत्रिणींना टॅग करायला विसरू नका!"

शेवट कसा बदलू?

पोटोबा

शेवट राहू द्या, मधला भाग वाढवा. सावरडोत ग्लूटेन नसतं, मधुमेहींनाही चालतो, हे ठळक सांगा. आजकाल लोक तेच शोधतात. तेवढ्यावरच खपेल.

भट्टीकाठी

पोटोबा, हे व्हिडिओत अजिबात जायला नको. लांबवर आंबवल्याने ग्लूटेनचा काही भाग मोडतो, तुमचं म्हणणं तिथवर बरोबर आहे. पण गव्हाच्या सावरडोत ग्लूटेन उरतंच. ज्याला सिलिअ‍ॅकचा त्रास आहे तो माणूस तुमच्या वाक्यावर विसंबून खाईल आणि आजारी पडेल. मधुमेहाचंही तसंच, ते त्याच्या डॉक्टरने ठरवायचं. बेकरीने पाव कसा केला तेवढं सांगावं.

ओव्हनवाली ताई, "ना यीस्ट" हेही बदला. तुमच्या बरणीतलं आंबवण म्हणजे यीस्ट आणि जिवाणूच की. विकतचं यीस्ट घातलेलं नाही, एवढंच खरं आहे. "आरोग्यदायी" तर काढूनच टाका.

पोटोबा

सिलिअ‍ॅकचं पटलं. पण "आरोग्यदायी" सगळेच लिहितात हो.

पीठमळी

आंबवण घरी कसं करायचं ते विचारताय ना? पीठ आणि पाणी सारखं घेऊन रोज थोडं काढून टाकायचं आणि ताजं घालायचं. माझं दर थंडीत मरतं. कुणाला उपाय माहीत आहे का?

ओव्हनवाली

पीठमळी, बरणी उबदार कोपऱ्यात ठेवून बघा. ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवली तरी पुरते. माझा प्रश्न मात्र व्हिडिओच्या स्क्रिप्टचा आहे.

कातरकाम

मी छोट्या दुकानांच्या जाहिराती कापायचं काम करतो. शेवटाकडे वळण्याआधी दोन गोष्टी सांगा. दिवसाला किती पाव होतात? आणि आज कुणी मागितला तर त्याच्या हातात कधी पडतो?

ओव्हनवाली

ओव्हनमध्ये एका वेळी चार मावतात, सकाळी दोन घाणे काढते. म्हणजे आठ. आदल्या दिवशी सकाळी आंबवणाला पीठपाणी घालायचं, दुपारी मळायचं, संध्याकाळी आकार देऊन रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी भाजायचा. म्हणजे आज दुपारच्या आत सांगितलं तर उद्या मिळतो.

कातरकाम

मग तुमचा शेवट इथेच सापडतोय. "आजच ऑर्डर करा" म्हणताय, पण आज मागून आज मिळत नाही. "मोजकेच नग शिल्लक" हे खरं आहे, तरी ऐकणाऱ्याला ती दुकानदाराची युक्ती वाटते, कारण का मोजके ते तुम्ही सांगत नाही. कारण सांगितलंत की दबाव आपोआप जातो. ओव्हनमध्ये आठच होतात आणि पीठ आदल्या दुपारी मळावं लागतं, एवढंच बोला. मग "आदल्या दिवशी बारापर्यंत कळवा" ही आग्रहाची गोष्ट राहत नाही, उपयोगाची माहिती होते.

दुसरं, तुम्ही एका श्वासात पाच कामं सांगताय: ऑर्डर, लाइक, शेअर, फॉलो, टॅग. त्यातलं तुम्हाला खरं हवंय ते एकच, मेसेज. बाकीची चार काढा. आणि वाक्यात "तुम्हाला चाखावासा वाटला तर" असू द्या, म्हणजे नको असणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होत नाही.

सुरुवातही बदला. "नमस्कार मित्रांनो" पूर्ण व्हायच्या आत लोक पुढे सरकतात. पाव ओव्हनमधून काढल्यावर तडतडतो ना? चार सेकंद फक्त तो आवाज ठेवा.

केकवाली

माझा अनुभव सांगते. नव्या केकच्या व्हिडिओत मी "हवा असेल तर खाली 'हवंय' लिहा" म्हटलं होतं. लोकांनी लिहिलंही, पण खाली लिहिणं फुकटचं असतं. प्रत्येकाला वेगळा मेसेज करून विचारण्यात दिवस गेले आणि प्रत्यक्ष घेणारे थोडेच निघाले. शिवाय ज्यांना उत्तर द्यायचं राहिलं ते रुसले. तुमचे आठच पाव आहेत, तर नववा माणूस आला की काय उत्तर द्यायचं ते आधीच लिहून ठेवा.

ओव्हनवाली

हे फारच कामाचं आहे केकवाली. आठातले सहा नावावर देईन आणि दोन काउंटरवर ठेवीन, म्हणजे रोज येणाऱ्यालाही मिळेल. सातव्याला "उद्याच्या यादीत तुमचं नाव लिहू का?" असं विचारीन.

कातरकाम, तुम्ही सांगितलंत तशी पुन्हा लिहिली:

(चार सेकंद फक्त तडतड. पडद्यावर: आत्ताच ओव्हनमधून आलाय.)

"ऐकू येतंय? पाव गार होताना त्याचं कवच असं तडतडतं. हा आमचा नवा सावरडो. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि या बरणीतलं आंबवण. काल दुपारी मळला, रात्रभर फ्रिजमध्ये सावकाश फुगला, आज सकाळी भाजला. चव किंचित आंबूस आहे. कवच जाड आहे, चावायला वेळ लागतो. नेहमीच्या मऊ पावासारखा हा नाही. सोमवारपासून रोज आठच होतील, कारण ओव्हनमध्ये तेवढेच जमतात. तुम्हाला चाखून बघावासा वाटला, तर आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत एक मेसेज करा. तुमच्या नावाचं पीठ मळून ठेवते."

कातरकाम

"तुमच्या नावाचं पीठ मळून ठेवते" याला हात लावू नका. तुमच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. आता घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मनात वाचू नका, मनात आपण भरभर वाचतो. निवांत बोलताना सेकंदाला साधारण दीड-दोन शब्द पडतात.

ओव्हनवाली

तडतड धरून बावन्न सेकंद झाली.

कातरकाम

मग "नेहमीच्या मऊ पावासारखा हा नाही" काढा. आधीच्या दोन वाक्यांत ते आलंच आहे, आणि नव्या मालाच्या व्हिडिओत नकार कशाला?

भट्टीकाठी

मी विरोधात आहे. सावरडो पहिल्यांदा घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी परत येऊन "कडक निघाला, करपलेला होता" म्हणतो. गडद तपकिरी कवच म्हणजे नीट भाजलेला पाव, हे त्याला ठाऊक नसतं. हे वाक्य ऐकून ज्याला मऊच पाव हवाय तो मागवणार नाही, आणि आठच पाव असताना ते चांगलंच आहे. वाटलं तर "या बरणीतलं" वाक्य छोटं करा, बरणी दिसतेच आहे.

शूटचंही सांगतो. तडतड ओव्हनमधून काढल्यावर पहिली काही मिनिटंच असते. कवच आकसून त्याला बारीक चिरा पडतात, त्याचा तो आवाज. पंखा, एक्झॉस्ट बंद करा आणि मोबाइल अगदी जवळ धरा. पण त्याच पावाला लगेच सुरी लावू नका. गरम असताना आतला गर बसलेला नसतो, सुरीला चिकटतो आणि कॅमेऱ्यात कच्चा दिसतो. निदान दोन तास थांबा आणि मग कापण्याचा शॉट घ्या. व्हिडिओत दोन्ही लागोपाठ असले तरी शूट करताना मध्ये अंतर हवं. नाहीतर पहिल्या घाण्यातला पाव कापायला ठेवा आणि आवाज दुसऱ्या घाण्याचा घ्या.

ओव्हनवाली

ही दोन घाण्यांची युक्ती बरी आहे, एका सकाळीच काम उरकेल. मऊ पावाचं वाक्य ठेवतेय. "सावकाश" आणि "या बरणीतलं" काढलं, आणि "कारण ओव्हनमध्ये तेवढेच जमतात" ऐवजी पडद्यावर भरलेल्या ओव्हनचा शॉट टाकते. आता पंचेचाळीसच्या आसपास येतंय.

पोटोबा

पण मेसेज करायचं शेवटी सांगितलं तर अर्धे लोक तिथवर पोहोचतच नाहीत. सुरुवातीलाच सांगा ना.

कातरकाम

लोक गळतात हे खरं आहे. पण पाव काय आहे हे कळण्याआधीच मागितलं तर कशासाठी कळवायचं ते समजत नाही, आणि आपण परत गळ्यात पडण्यापाशी येतो. मी असतो तर मधल्या भागात, बरणीच्या शॉटवर, "आदल्या दिवशी बाराच्या आत कळवा" एवढं पडद्यावर लिहिलं असतं आणि तोंडाने शेवटीच बोललो असतो.

केकवाली

मला मात्र मधली पाटीही नको वाटते. बरणी बघताना डोळा तिकडे जातो.

ओव्हनवाली

दोन्ही तऱ्हांनी कापून बघते आणि बेकरीत नेहमी येणाऱ्या दोघातिघांना दाखवते. अजून एक अडलंय: बिनआवाजी बघणाऱ्यांसाठी माझं सगळं बोलणं लिहून टाकू का?

कातरकाम

बोलणं पूर्ण लिहा, पण एका वेळी एकच छोटं वाक्य. अक्षरं पडद्याच्या मधोमध किंवा थोडी वर ठेवा. खाली खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजवीकडे बटणं असतात, त्यामुळे तळाशी लिहिलेलं "बाराच्या आत" नेमकं झाकलं जातं. टाकण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.