‘निव्वळ विक्री’ म्हणजे नेमकं काय?

रत्नागिरीहून: बातम्यांत रोज येतं, ‘परदेशी संस्थांची निव्वळ विक्री ३,००० कोटी’. निव्वळचा अर्थ ‘नुसती’ घेतला, तर त्या दिवशी त्यांनी खरेदी केलीच नाही असं होतं. तसंच का?

गुहागरहून: नाही ताई. निव्वळ म्हणजे वजा जाता उरलेली. समजा १५,००० कोटींचे शेअर विकले, १२,००० कोटींचे घेतले, तर निव्वळ विक्री ३,०००. बाकी हिशेब सरळ आहे: एफआयआयनी म्हणजे परदेशी संस्थांनी विकलं की बाजार पडतो, डीआयआयनी म्हणजे देशी संस्थांनी घेतलं की सावरतो.

मालवणहून: मी दर महिन्याक एसआयपी भरतंय. ती ह्या आकड्यात येता की नाय?

दापोलीहून: येते काका, पण तुमच्या हप्त्याच्या तारखेला नव्हे. फंड शेअर घेईल त्या दिवशी ती डीआयआयच्या खरेदीत धरली जाते. विमा कंपन्यांची खरेदीही त्यातच असते.

गुहागरकर, तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. ऑक्टोबर २०२४ बघा. परदेशी संस्थांनी बाजारात सुमारे १.१४ लाख कोटींची निव्वळ विक्री केली आणि देशी संस्थांनी सुमारे १.०७ लाख कोटींची खरेदी. रकमा जवळजवळ सारख्या, तरी निफ्टी सहा टक्क्यांच्या आसपास घसरला. विकलेला प्रत्येक शेअर कोणीतरी घेतोच. भाव हलतो तो घाई कोणाला आहे त्यावर. मिरकरवाड्याच्या लिलावात बर्फ संपत आलेला नाखवा मिळेल त्या बोलीला मासळी देतो, तसंच. परदेशी विकणारे घाईत होते, देशी फंड खालच्या भावाला थांबून घेत होते.

गुहागरहून: पण त्याच महिन्याचा आकडा मी ९४,००० कोटी वाचलाय. चूक कोणाची?

दापोलीहून: कोणाचीच नाही. एनएसई संध्याकाळी जे आकडे देते ते तात्पुरते असतात आणि फक्त बाजारातल्या खरेदीविक्रीचे. शेअरची खाती सांभाळणारी एनएसडीएल नंतर देते त्यात आयपीओमधली खरेदीही मिळवलेली असते. त्या महिन्यात ह्युंदाईचा मोठा आयपीओ होता. परदेशी संस्थांनी प्राथमिक बाजारात, म्हणजे आयपीओ वगैरेत, जवळपास २०,००० कोटी घातले. १.१४ लाखातून ते वजा करा, ९४,००० उरतात. बाजारावर विक्रीचा दाब किती होता हे पाहायचं तर पहिला आकडा घ्या; देशातून पैसा किती गेला हे पाहायचं तर दुसरा. दोन्हींच्या तारखा जुळवताना मात्र जपा, एनएसडीएलच्या आजच्या तारखेसमोर बहुधा कालचे व्यवहार असतात.

आणि एका दिवसाच्या आकड्यावरून दिशा ठरवू नका. एखाद्या प्रवर्तकाने मोठा हिस्सा ब्लॉक डीलमध्ये, म्हणजे एकगठ्ठा सौद्यात, परदेशी फंडाला विकला, तर त्या दिवशी एफआयआयची खरेदी फुगलेली दिसते. बाकी शेअरमध्ये ते विकतच असतात. म्हणून मी आधी त्या दिवसाच्या ब्लॉक डील बघते, मग आठवड्याची बेरीज.

रत्नागिरीहून: मग संध्याकाळच्या आकड्यांना आमच्याकडच्या बातम्यांत ‘प्राथमिक आकडे’ लिहितात, ते ‘प्राथमिक बाजारा’शी गोंधळ करतं. ‘तात्पुरते’ बरं.

गुहागरहून: मला ‘हंगामी’ आवडेल.

मालवणहून: हंगामी म्हटल्यार आमका आंबोच आठवतलो.