मदत हवी आहे: मालवण-कुडाळ जाऊन-येऊन सरासरी वेग 40 की 45?

किनारा_मालवण
नमस्कार मंडळी. भाचा यंदा आठवीच्या शिष्यवृत्तीला बसतोय, संध्याकाळी त्याचं गणित मी घेते. सरावाच्या गणितावरून मी असं गणित घातलं: गाडी मालवणहून कुडाळला ताशी 60 किमी वेगाने गेली आणि त्याच रस्त्याने ताशी 30 किमी वेगाने परत आली, तर सरासरी वेग किती? त्याने 60 आणि 30 मिळवून निम्मे केले, 45. उत्तर 40 आहे हे मला माहीत आहे, सूत्रही माहीत आहे. पण तो ऐकत नाही. "अंतर दिलेलंच नाही, मग 40 कुठून आलं?" असं विचारतो, आणि त्याचा प्रश्न मला रास्त वाटतो. सूत्र पाठ करून घ्यायचं नाहीये. त्याला पटेल असं कसं सांगू?

दुसरी अडचण अशी की लगेच पुढचं गणित "पहिले 2 तास ताशी 60 ने, पुढचे 2 तास ताशी 30 ने" असं आहे, आणि त्याचं उत्तर मात्र 45 च. आता तो म्हणतो, मावशी, तुझं सूत्र हवं तेव्हा बदलतं.

झटपट_गणित
ताई, इतका विचार कशाला? दोन वेग दिले की 2xy/(x+y). दोनदा 60 गुणिले 30 म्हणजे 3600, भागिले 90, उत्तर 40. अंतर लागतच नाही. परीक्षेत एका प्रश्नाला मिनिटभर मिळतं, तिथे कारणं शोधत बसलं तर पेपर राहतो.

किनारा_मालवण
पण हेच सूत्र दोन-दोन तासांच्या गणिताला लावलं तर तिथेही 40 येतं आणि ते चूक आहे. कुठे लावायचं हे त्याला कळायला हवं ना?

निवृत्त_गुरुजी_राजापूर
मुलाचा प्रश्न अगदी योग्य आहे, तो दाबू नका. त्याला वेग उलटा करून विचारा: एक किलोमीटर जायला किती मिनिटं? ताशी 60 असेल तर 1 मिनिट, ताशी 30 असेल तर 2 मिनिटं. आता जातानाचा एक किलोमीटर आणि येतानाचा तोच किलोमीटर अशी जोडी लावा. दोन किलोमीटरला मिळून 3 मिनिटं गेली. 3 मिनिटांत 2 किलोमीटर, म्हणजे 60 मिनिटांत 40. झालं.

कुडाळ 30 किमीवर असो की 300, अशा जोड्या तेवढ्या वाढतील. प्रत्येक जोडीला 3 मिनिटंच लागणार, म्हणून अंतर सांगायची गरज पडत नाही. खात्री हवी असेल तर त्याच्याकडून 30 किमी धरून करून घ्या: जायला अर्धा तास, यायला एक तास, 60 किमीला दीड तास. पुन्हा 40 च. मग त्याला हवं ते अंतर त्यालाच निवडू द्या.

45 का नाही, तेही इथेच दिसतं. गाडी ताशी 60 ने अर्धा तासच चालली, ताशी 30 ने मात्र पूर्ण तास. हळू वेगाच्या वाट्याला दुप्पट वेळ आला, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकली. दोन-दोन तासांच्या गणितात दोघांच्या वाट्याला सारखाच वेळ आहे, तिथे निम्मे करणं बरोबर. 120 आणि 60 मिळून 180 किमी, 4 तास, 45. तेव्हा गणित वाचताना आधी एवढंच बघायचं, दोन टप्प्यांत सारखं काय आहे? अंतर की वेळ?

आणि दोन्ही सारखं नसेल तर झटपट सूत्र तिथे थांबतं. 20 किमी ताशी 60 ने आणि पुढचे 40 किमी ताशी 30 ने गेलो, तर 20 मिनिटं आणि 80 मिनिटं, मिळून 100 मिनिटांत 60 किमी. सरासरी ताशी 36. सूत्र इथेही 40 च सांगेल.

झटपट_गणित
गुरुजी, मान्य, पण जाऊन-येऊनच्या गणितात सूत्रच लवकर होतं.

निवृत्त_गुरुजी_राजापूर
जाऊन-येऊनला होतं. फक्त "जाऊन-येऊन" हे शब्द गणितात आहेत का ते मुलाने वाचलेलं असू दे.

हापूस_टेम्पो
माका शाळेतला गणित नको, माझा सांगा. देवगडसून वाशीक आंबो नेतंय. चिपळूणपर्यंत धरा 200 किमी, ताशी 50 पडता. पुढे कशेडी आणि पनवेलची गर्दी, 210 किमीक ताशी 35. सूत्रान 41.2 येता. पण मोबाईल 36 च्या आत दाखयता. खोटा कोण?

निवृत्त_गुरुजी_राजापूर
200 किमी ताशी 50 ने म्हणजे 4 तास. 210 किमी ताशी 35 ने म्हणजे 6 तास. 410 किमी, 10 तास, ताशी 41. तुमचे टप्पे जवळजवळ सारखे आहेत म्हणून सूत्राचं उत्तर इतकं जवळ आलं. पहिला टप्पा 100 आणि दुसरा 310 असता तर मोठा फरक दिसला असता.

मोबाईलचं बघू. वाटेत जेवायला, चहाला, डिझेलला किती थांबता?

हापूस_टेम्पो
सगळा मिळून दीड तास तरी.

निवृत्त_गुरुजी_राजापूर
मग 410 किमीला साडेअकरा तास, ताशी 35.7. मोबाईल थांबलेला वेळही धरतोय. दोघंही खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत. गाडी चालते कशी हे बघायचं तर 41, माल कधी पोचेल हे बघायचं तर 35.7.

हापूस_टेम्पो
व्यापारी पेट्ये भरूक घेतल्यापासून वेळ मोजता. ता माका पटणा नाय. गाडी सुटल्यावर मोजूक होयो.

किनारा_मालवण
गुरुजी, एका किलोमीटरला किती मिनिटं, हे त्याला लगेच पटलं. वहीत त्याने स्वतः 10 किमी, 45 किमी धरून बघितलं, प्रत्येक वेळी 40. मग त्याने नवीनच काढलं: कुडाळला जाताना ताशी 30 च पडला, तर परत येताना किती वेगाने आलं म्हणजे सरासरी 45 होईल? तो म्हणाला 60. मी म्हटलं, करून बघ.

निवृत्त_गुरुजी_राजापूर
छान प्रश्न. 30 किमी धरू. जाऊन-येऊन 60 किमी, सरासरी 45 हवी तर सगळा मिळून वेळ 80 मिनिटं. त्यातला एक तास जातानाच संपला. उरली 20 मिनिटं, 30 किमीला. म्हणजे ताशी 90.

आता पुढचं विचारा: सरासरी 60 हवी असेल तर? 60 किमीला 60 मिनिटं हवीत, आणि ती सगळी जातानाच खर्च झालीत. परतीला शून्य मिनिटं. कितीही जोरात गाडी हाकली तरी जमणार नाही. अर्ध्या अंतरात ज्या वेगाने गेलो त्याच्या दुप्पट सरासरी कधीच मिळत नाही. उशीर झाल्यावर पुढे वेग वाढवून भरून काढू म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा.

हापूस_टेम्पो
ह्या माझ्या डायवराक दाखयतंय. संगमेश्वराक वेळ गेलो काय कशेडीत पळवता.

किनारा_मालवण
90 त्याने स्वतः काढलं, शून्य मिनिटांवर मात्र वाद चालू आहे. त्याचं म्हणणं, विमानाने आलो तर? उद्या त्याला ताशी 600 धरून करायला देते.

निवृत्त_गुरुजी_राजापूर
द्या. 30 किमीला 3 मिनिटं, म्हणजे 63 मिनिटांत 60 किमी. 57 च्या थोडं वर येईल. मग ताशी 1200 करायला सांगा, आणि 60 किती दूर राहिले ते त्यालाच मोजू द्या.