मूठ की चिमटी? आखूड सडांच्या पहिलारू गाईची धार, आणि एका सडात लागणारी गाठ

कोवळीधार
पहिलारू गाय आहे, व्यायला दीड महिना झाला. एका वेळेला साधारण सहा लिटर देते. पुढचे दोन सड बोटभर लांब आहेत, तिथे मूठ बसते. मागचे दोन इतके आखूड की तीन बोटंही जेमतेम मावतात. म्हणून मागचे सड अंगठा दुमडून, तर्जनीच्या पेरावर दाबून काढले जातात. आता मागच्या डाव्या सडाची धार बारीक झाली आहे आणि मध्यावर हाताला वाटाण्याएवढं कडक काहीतरी लागतं. दूध दिसायला स्वच्छ आहे, कास गरम नाही, पण दाबलं की गाय पाय उचलते. पूर्ण धारेला पंधरा मिनिटं लागतात.
आखूड सडाला नेमकी कोणती पद्धत वापरावी? आणि या गाठीचं काय करावं?

गोठेकरी
आधी अंगठा दुमडणं आजपासून बंद. गाठीचं मूळ बहुधा तिथेच आहे.
सडाच्या आत पोकळी असते आणि तिला नाजूक अस्तर असतं. मूठ दाबता तेव्हा दाब चारही बाजूंनी सारखा पडतो. अंगठ्याचं वाकलेलं पेर मात्र एकाच जागी रुततं आणि समोरासमोरचं अस्तर एकमेकांवर चिरडतं. एका धारेत हे शेकडो वेळा होतं, तेही रोज त्याच ठिकाणी. अस्तर सुजतं, मग जून होऊन जाड होतं आणि वाट अरुंद करतं. बाहेरून कातडी धडधाकट दिसते, म्हणून लक्षात यायला उशीर होतो.
आता गाठ तपासा. धार संपल्यावर सड रिकामा असताना तो अंगठा आणि तर्जनी यांच्यात हलक्या हाताने, न दाबता फिरवून बघा. गाठ जागची हलत नसेल आणि धार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच बारीक असेल, तर ती सडाच्या भिंतीची जाडी आहे. गाठ वरखाली सरकत असेल आणि धार मध्येच अडून पुन्हा मोकळी होत असेल, तर आत काहीतरी सुटं आहे. गाठ मध्यावर नसून अगदी टोकाशी लागली, तर दुखणं छिद्राजवळचं आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि ते जनावरांच्या डॉक्टरांनीच करायचे. तोवर काडी, तार, सुई, पिसाचा देठ यातलं काहीही छिद्रात घालू नका. बारीक धार परवडली, पण काडीबरोबर आत गेलेल्या घाणीने उठलेली दगडी, म्हणजे कासेची सूज, परवडत नाही.

धारवाला
चिमटीला उगाच नावं ठेवतात. आखूड सडाला दुसरा मार्गच नाही. अंगठा आणि तर्जनीने सडाचं मूळ धरायचं आणि टोकापर्यंत ओढत आणायचं. पहिल्या धारेचं दूध बोटांना लावलं की हात सुळसुळीत चालतो, गाईला त्रास होत नाही. अंगठा जोरात दुमडू नका हे मात्र बरोबर.

गोठेकरी
@धारवाला, आखूड सडाला चिमटी लागते हे खरं आहे. दुधाचा हात मात्र नको. ओल्या हातावरून दूध ओघळून छिद्राशी जमतं, आणि एका सडाची घाण दुसऱ्या सडाला लागते. शिवाय दुधाने भिजलेली कातडी वारा लागून वाळली की तडकते. भेगा पडलेला सड दुखतो, गाय लाथ मारते, मग माणूस घाईने आणखी ओढतो. तेल-तूप धारेआधी लावण्यातही हाच धोका आहे, हात घसरला की पकड जास्त घट्ट होते. सडाला मऊपणा द्यायचा तर मलम धार संपल्यावर.
कोरड्या हाताने चिमटी चालत नाही असं म्हणतात. चालत नसेल तर बोटं जास्त आवळली जात आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

कोवळीधार
मग मागच्या सडांना नक्की करायचं काय? मूठ तर बसत नाही.

गोठेकरी
अख्खी मूठ बसत नाही, पण मुठीची पद्धत बसते. फरक बोटांच्या संख्येचा नाही, दाब कुठून कुठे जातो त्याचा आहे.
सडाच्या मुळाशी, जिथे तो कासेला जोडला आहे, तिथे अंगठा आणि तर्जनीचं कडं करा. अंगठा सरळ ठेवा, त्याच्या मऊ बाजूने टेकवा. कडं कासेच्या मांसात घुसू देऊ नका, खालीच थांबवा. कडं आवळलं की सडातलं दूध वर परतायची वाट बंद होते. मग मधलं बोट मिटा, त्याखाली अनामिका, जागा असेल तर करंगळी. बोटं वरून खाली एकामागून एक मिटतात आणि दूध बाहेर पडतं. हात खाली येत नाही, मनगट जागचं हलत नाही. मग सगळी बोटं सोडा, कडंसुद्धा. सोडणं दाबण्याइतकंच महत्त्वाचं, कारण त्या क्षणी सड वरून पुन्हा भरतो. नवशिके कडं सोडत नाहीत, सड रिकामाच राहतो, आणि मग दूध येत नाही म्हणून ओढायला लागतात.
चूक हाताला कळते. दाबताना दूध तळहाताखालून वर सरकल्यासारखं वाटलं, तर कडं सैल आहे. धार तिरकी उडाली किंवा मनगटावर आली, तर खालचं बोट छिद्रावर येतं आहे. मुठीखाली सडाचं टोक थोडं तरी मोकळं दिसलं पाहिजे.
तुमच्या मागच्या सडांना कडं आणि मधलं बोट, फार तर अनामिकेचं टोक. एका दाबात दूध कमी निघेल, म्हणून दाब जास्त वेळा द्यावे लागतील, जोर मात्र तेवढाच. एवढंही मावत नसेल तरच चिमटी: सरळ अंगठा आणि तर्जनी यांच्या मऊ भागात सड धरून हलकेच खाली सरकायचं, टोकाला पोचण्याआधी पकड सैल करायची. शेवटपर्यंत आवळून आणलं की छिद्राभोवतीची कातडी रोज बाहेर ओढली जाते आणि तिथे पांढरट खरखरीत कडी तयार होते. मग छिद्र नीट मिटत नाही.

हौशीशेतकरी
सरावासाठी एक सोपी गोष्ट. रबरी हातमोजात पाणी भरा, वरचं तोंड बांधा, एका बोटाच्या टोकाला सुईने भोक पाडा आणि टांगून ठेवा. कडं न करता दाबलं की पाणी वर पळतं, हे डोळ्यांनी दिसतं. गाईवर शिकण्यापेक्षा हे बरं.

यंत्रप्रेमी
एवढं करण्यापेक्षा दूध काढायचं छोटं यंत्र का घेत नाही? बोटं दुखत नाहीत.

म्हशीवाला
आमच्याकडे म्हशी आहेत. सड चांगले लांब, तरी मुठीने धार निघत नाही, छिद्रच घट्ट. शेवटी अंगठा लावावाच लागतो.

गोठेकरी
@यंत्रप्रेमी, प्रश्न हाताने काढायच्या धारेचा आहे. आणि गाठ असलेल्या सडावर यंत्राचा कप लावून ठेवणं आणखी वाईट, त्या सडातून दूध संथ येतं आणि बाकीचे रिकामे झाले तरी कप ओढत राहतो.
@म्हशीवाला, म्हशीचं छिद्र गाईपेक्षा घट्ट असतं, खरं आहे. पण बहुतेक वेळा पान्हा पूर्ण उतरायच्या आत सुरुवात होते आणि दोष छिद्राला लागतो. म्हैस पान्हवायला गाईपेक्षा जास्त वेळ घेते. सड हाताला भरलेले आणि ताठ लागेपर्यंत थांबून बघा. अंगठा तिथेही नको.
@कोवळीधार, पंधरा मिनिटांचा मुद्दा राहिला. कास धुऊन पुसताना गाय पान्हवते. पहिल्या स्पर्शापासून साधारण मिनिटभराने दूध खाली येतं आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटं टिकतो. तुमच्या धारेचा अर्धा वेळ पान्हा ओसरल्यावर जातो. जोराने दाबणं आणि ओढणं नेमकं तिथेच होतं. म्हणून क्रम असा ठेवा: सड धुऊन कोरडे पुसा, प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या कपात काढून गुठळ्या आहेत का बघा, मग लगेच बसा. दोन्ही हात आळीपाळीने, एक दाबतो तेव्हा दुसरा सोडतो. आधी मागचे आखूड सड घ्या, कारण त्यांना पान्ह्याचा जोर जास्त लागतो. लांब सडांतून दूध नंतरही सहज येतं. दुखरा डावा सड मात्र त्याच जोडीने नका काढू. तो वेगळा, सगळ्यात शेवटी, त्याचं दूध वेगळ्या भांड्यात, निदान डॉक्टर बघेपर्यंत.

धारवाला
दुखरा सड शेवटी ठेवला तर त्याच्या वाट्याला पान्हा राहणार नाही. आधीच धार बारीक. मग तो पूर्ण रिकामा होईल कसा?

गोठेकरी
अडचण खरी आहे. दूध स्वच्छ आणि कास थंड असेल, तर तो सड दुसऱ्या क्रमाला घेऊन, लगेच हात धुऊन पुढे जाता येईल. गुठळ्या दिसल्या तर मात्र शेवटीच.

रानवाट
शेवटच्या धारेबद्दल कोणी बोललं नाही. आमच्याकडे चिमटीने थेंब न थेंब काढतात, कारण राहिलेल्या दुधाने दगडी होते.

गोठेकरी
थोडं दूध कासेत राहतंच, कितीही ओढलं तरी. धार तुटायला लागली की कासेला वरून खाली हलका हात फिरवायचा, प्रत्येक सडाला चिमटीचे दोन-चार हात, आणि उठायचं. शेवटच्या वाटीभर दुधासाठी पाच मिनिटं ओढणं हे सड बिघडायचं मोठं कारण आहे. शिवाय गाय त्या ओढण्याचीच वाट बघायची सवय लावून घेते.

रानवाट
निरोगी कासेला मान्य. दगडी झालेला कप्पा मात्र पूर्ण मोकळा केलाच पाहिजे, तिथे दोन-चार हातांवर थांबून चालणार नाही.

गोठेकरी
तिथे मान्य. पण तेही हळू, आणि दिवसातून जास्त वेळा थोडं थोडं, एका बैठकीत रगडून नाही.

कोवळीधार
आज संध्याकाळी सरळ अंगठ्याने आणि दोन बोटांनी काढलं. मागच्या उजव्या सडाला गायीने पाय उचलला नाही. वेळ तेवढाच लागला, बोटं भरून आली. डावी गाठ जागची हलत नाही. डॉक्टर परवा येणार आहेत. धार झाल्यावर सडांना काय लावायचं?

गोठेकरी
जागची हलत नाही म्हणजे भिंतीची जाडी. ती किती बसेल हे सूज किती आणि जून पेशी किती यावर आहे, डॉक्टरांनाही पहिल्या भेटीत सांगता येईलच असं नाही.
धार झाली की प्रत्येक सड सडांसाठीच्या आयोडिनच्या द्रावणात बुडवा, टोक पूर्ण भिजलं पाहिजे. कप दर वेळी रिकामा करून धुवा. छिद्र मिटायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात गाय शेणामुतात बसू नये म्हणून वैरण धार संपल्यावरच पुढ्यात टाका.
बोटं आठवडाभर भरून येतील. तोवर मागचे सड आधी घेऊन, थकल्यावर पुढच्या लांब सडांकडे जा. थकलेल्या हाताचा अंगठा आपोआप दुमडतो.

हौशीशेतकरी
नखं आणि अंगठीही बघा. आखूड सडावर नखाचा ओरखडा अगदी टोकाजवळ येतो.