शहरात रोजच्या येण्याजाण्यासाठी पेट्रोल, डिझेल की इलेक्ट्रिक? खर्चाचे अनुभव लिहा

अनघा, वारजे

वारजे ते खराडी असं माझं रोजचं येणं-जाणं आहे. दोन्ही बाजूंचं मिळून 40 किमी, आणि बाकीच्या फेऱ्या धरून महिन्याला साधारण 1000 किमी होतात. आताची पेट्रोल गाडी बदलायची आहे. टाकी फुल ते टाकी फुल मोजलं की शहरात 13 चं ॲव्हरेज पडतं. पेट्रोल 104 धरलं तर किलोमीटरला 8 रुपये, म्हणजे महिन्याला 8 हजार. वर्षाची सर्व्हिसिंग सात-आठ हजारांत होते. त्याखेरीज मोठा खर्च एकच झाला, क्लचप्लेटचा, आणि तो मी या रस्त्यावरच्या ट्रॅफिकच्या नावावर टाकते.

तुमचे मोजलेले आकडे हवे आहेत. गाडी एका दमात किती चालते आणि रात्री कुठे उभी राहते तेही लिहा.

विलासराव, कोल्हापूर

ताई, डिझेलच घ्या. आम्ही कोल्हापूर-पुणे-कोल्हापूर करतो, 21-22 चं ॲव्हरेज कुठे गेलं नाही. आधीच्या डिझेल गाडीने अडीच लाख किमी केले, इंजिन उघडलं नाही. डिझेल पेट्रोलपेक्षा तेराएक रुपयांनी स्वस्त, वर ॲव्हरेज जास्त, मग विचार कसला करायचा?

अनघा

काका, हायवेला मिळेल, पण माझा सगळा प्रवास सिग्नलचा आहे.

किरण, ठाणे

मी नेमकं तेच केलं, डिझेल शहरात चालवली. गाडी बीएस6, घर ते ऑफिस 7 किमी, तेही घोडबंदर रोडच्या गर्दीत. ॲव्हरेज 15 पडायचं, डिझेल 91 धरलं तर किलोमीटरला 6 रुपये. इथवर हिशेब बरा होता. मग डीपीएफचा दिवा लागायला लागला. हायवेला फिरवून आणली की जायचा, काही आठवड्यांनी परत यायचा. शेवटी गाडी ताकदच सोडून द्यायला लागली, इंजिन ठरावीक वेगापुढे जाईना. वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर लावून फिल्टर जाळून साफ केला, ऑइलही बदललं. पेट्रोलच्या तुलनेत जे वाचलं होतं त्यातला मोठा भाग तिथेच गेला.

सतीश, हडपसर (स्वतःचं गॅरेज)

किरणच्या गाडीत बिघाड नव्हता, वापर चुकीचा होता. 2020 पासूनच्या बीएस6 डिझेलमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी आपोआप जास्तीचं डिझेल सोडून काजळी जाळते. त्यासाठी एक्झॉस्ट चांगला तापलेला लागतो, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगाने चालायला हवं. 7 किमीच्या गर्दीत जाळायला सुरुवात होते आणि तेवढ्यात माणूस गाडी बंद करतो.

ओळखायचं कसं? उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे चढलेले दिसतात, ॲव्हरेज एकदम पडतं, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो, गरम वास येतो. अशा वेळी जमलं तर बंद न करता एक मोठा फेरा मारून यावा. दुसरी तपासणी डिपस्टिकची. अर्धवट जाळण्यात न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर जाते. ऑइल वाढलंय म्हणून खूश होणारे लोक येतात माझ्याकडे. ते पातळ झालेलं ऑइल टर्बोला मारतं. ऑइलही कंपनीने सांगितलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच घाला, कारण काजळी जळते, राख फिल्टरमध्येच राहते.

काकांच्या जुन्या गाडीला हा फिल्टरच नसणार. त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो आजच्या गाडीला लागू करता येत नाही.

प्रशांत, चिंचवड

शिवाय डिझेलला दहाच वर्षं चालवायची परवानगी आहे.

सतीश

तो नियम दिल्ली आणि एनसीआरचा आहे. आपल्याकडे पंधरा वर्षांनी फिटनेस तपासून नोंदणी पुढे वाढवता येते.

मृदुला, बावधन

माझी इलेक्ट्रिक, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्ज होते. अनघा, तुमच्याइतकंच चालवणं आहे म्हणून पूर्ण हिशेब देते. स्क्रीनवर युनिटला सात किमी दिसतात, पण भिंतीतून येणाऱ्या विजेतला काही भाग चार्जिंगमध्येच जातो. मीटरवरून मोजलं तर 6 पडतात. म्हणजे 1000 किमीला साधारण 167 युनिट.

आता खरी मेख. आधी आम्ही घरच्या मीटरवरून वायर ओढली होती. घरचा वापर महिन्याला 250 युनिट. त्यात 167 मिळवले की 417. त्यातले पहिले 50 युनिट 101 ते 300 च्या टप्प्यात बसतात, आम्हाला सगळे आकार धरून 13 रुपयांच्या आसपास पडायचे. उरलेले 117 युनिट 300 च्या वरच्या टप्प्यात, 18 च्या आसपास. मिळून 2750 रुपये, किलोमीटरला पावणेतीन. नंतर गाडीसाठी महावितरणचं वेगळं कनेक्शन घेतलं. तिथे टप्पे नाहीत, युनिट 9 च्या आसपास पडतं. तेवढ्याच चालवण्याला आता 1500 लागतात. गाडी तीच, फक्त मीटर बदलला.

बाहेरच्या फास्ट चार्जरला जीएसटीसह युनिटला वीस-बावीस रुपये पडतात, म्हणजे साडेतीन रुपये किमी.

जावेद, नाशिक

माझी गाडी रस्त्यावर उभी राहते, सोसायटीला पार्किंगच नाही. सगळं चार्जिंग बाहेर. पैसे तरीही पेट्रोलपेक्षा कमी लागतात, पण चार्जर बंद असणं, पुढे गाडी लागलेली असणं, यात माझी रविवारची सकाळ जाते. स्वतःचा प्लग नसेल तर मी तरी घ्या म्हणणार नाही.

प्रशांत

पण ईव्हीला मेंटेनन्स शून्य, हे तर मान्य कराल?

सतीश

शून्य नाही, कमी. ऑइल, फिल्टर, क्लच हे गेलं, ब्रेकपॅडही खूप टिकतात. पण गाडी जड आणि पिकअप जोरदार, त्यामुळे टायर लवकर झिजतात. बॅटरीचं कूलंट ठरावीक काळाने बदलायचं असतं. आणि साधी 12 व्होल्टची बॅटरीही असते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. रस्त्यात अडकलेल्या निम्म्या ईव्हीवाल्यांचं दुखणं माझ्या पाहण्यात हेच निघालं.

मृदुला

माझी सर्व्हिसिंग वर्षाला तीन-चार हजारांत होते. इन्शुरन्स मात्र जास्त. थर्ड पार्टीत इलेक्ट्रिकला 15 टक्के सूट आहे, पण गाडीची किंमतच मोठी, त्यामुळे एकूण हप्ता चढतो.

नेहा, डोंबिवली

सीएनजीचं कुणीच का लिहीत नाही? माझं अडीच-तीन रुपये किलोमीटरमध्ये भागतं. डिकी गेली आणि पंपावरची रांग आली, एवढंच.

अनघा

नेहा, मलाही तो मोह आहे, पण आईची व्हीलचेअर डिकीत जाते.

मृदुलाताईंच्या आकड्यांवर बसले. इंधनात महिन्याला साडेसहा हजार आणि सर्व्हिसिंगचे वर्षाला चारेक हजार वाचले, इन्शुरन्सचा फरक वजा केला, तर वर्षाला 75 हजारांच्या आसपास उरतात. मी पाहते त्या गाडीत पेट्रोल आणि इलेक्ट्रिकच्या ऑन-रोड किमतीत साडेतीन लाखांचा फरक आहे, म्हणजे पाच वर्षांच्या आत भरून निघतो. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं. घरच्याच मीटरवर राहिले तर मात्र वर्षाला 60 हजारच, मग सहा वर्षं लागतात. डिझेल यादीतून काढलं.

अडलंय ते केबलवर. मीटररूमपासून माझं पार्किंग 60 मीटरवर, दुसऱ्या तळघरात आहे आणि कमिटी आगीचं कारण सांगून थांबवतेय. एवढ्या लांब केबल कुणी टाकली असेल तर जाडी कोणती घेतली, खर्च किती आला आणि कमिटीला काय दाखवलंत, ते लिहाल का?

मृदुला

माझं अंतर फार कमी होतं. पण लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून लोडचा हिशेब आणि अर्थिंगचा टेस्ट रिपोर्ट लेखी घेऊन कमिटीला दिला होता, मग विषय पुढे सरकला. जाडी त्यालाच ठरवू द्या, अंतर वाढलं की व्होल्टेज पडतं.

विलासराव

रिसेलचं काय पण? आठ वर्षांनी ती इलेक्ट्रिक घेणार कोण?

सतीश

काका, सांगता येत नाही. माझ्याकडे आठ वर्षांची एकही अजून आलेली नाही.