शनिवारची गच्ची: स्किनवालं घ्यायचं की स्किनलेस?

अर्चना वहिनी (बी-२०४): शनिवारी ३२ जण पक्के झाले. ५ किलो चिकन रस्स्याला आणि ३ किलो शेगडीवर भाजायला लागेल. दुकानदार विचारून राहिला, स्किनवालं पाहिजे की स्किनलेस? त्याला आजच सांगावं लागेल. एरवी तो पिसांसकट कातडीच ओढून काढतो. स्किनवालं हवं असेल तर कोंबडी गरम पाण्यात बुडवून पिसं काढावी लागतात.

वासुदेव काका (ए-१०१): स्किनवालंच घ्या. चव कातडीतच असते.

मीनल ताई (सी-३०२, आहारतज्ज्ञ): काका, रस्सा आणि भाजणं यांचा हिशेब वेगवेगळा करावा लागेल. १ किलो स्किनवाल्या चिकनमध्ये साधारण ११० ग्रॅम कातडी असते. कच्च्या कातडीत १०० ग्रॅममागे ३२ ग्रॅमच्या आसपास चरबी असते. कातडी काढलेल्या मांसात तीच सरासरी ३ ग्रॅम, लेगपीसमध्ये थोडी जास्त, छातीत थोडी कमी. म्हणजे किलोमागे कातडीतूनच ३५ ग्रॅम चरबी आली, पोहे खायच्या चमच्यानं मोजलं तर आठ-नऊ चमचे तेल. शेपटीजवळचे पिवळे गोळे यात धरलेले नाहीत. ते दोन्ही प्रकारांत हातानं ओढून काढून टाकायचे.

अर्चना वहिनी: म्हणजे ५ किलोला पावणेदोनशे ग्रॅम चरबी?

मीनल ताई: हो. पण खरा प्रश्न हा, की ती शेवटी जाते कुठे. भाजताना काही चरबी निखाऱ्यावर गळते आणि उरलेली कातडीतच राहते. ज्याला नको त्यानं ताटात कातडी बाजूला काढली की झालं. आतल्या मांसात ती फारशी उतरत नाही, त्यामुळे कातडीसकट भाजून नंतर काढली तरी मांसातली चरबी स्किनलेस भाजल्यासारखीच राहते. रस्स्यात तसं होत नाही. शिजता शिजता बरीच चरबी रस्स्यात उतरते. मग ताटातली कातडी बाजूला सारून काय फायदा? तोच रस्सा भाकरीसोबत पोटात गेलेला असतो.

प्रमोद भाऊ (बी-४०३): माझ्या बाबांना डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितलं आहे. त्यांनी काय खावं?

मीनल ताई: त्यांना शेगडीवरचा पीस द्या, कातडी काढून. रस्सा घेतला तर वरची तर्री बाजूला करून खालून वाढा. स्किनलेसचा रस्सा असला तरीही. किलोला वाटीभर तेल घातलं, तर स्किनलेस घेऊन वाचवलेली चरबी त्या तेलात कुठल्या कुठे जाते.

सलीम भाई (ए-३०४, केटरिंग): ताईंनी नेमकं सांगितलं. आता कढईची बाजू सांगतो. आपल्या सावजी रस्स्याची तर्री तेलात होते. गरम तेलात मसाला परतला की तिखटाचा लाल रंग तेलात उतरतो, कारण तो पाण्यात विरघळत नाही. नेहमीचं तेल घालून वर स्किनवालं चिकन टाकलं, तर उशिरा सुटलेली चरबी परतलेल्या तेलात मिसळते. तर्री जाड होते, रंग फिका होतो, जिभेवर तुपकट लागते. सध्याच्या थंडीत हे लगेच दिसतं. रात्री भांडं बाहेर राहिलं, तर सकाळी रस्स्यावर पिवळसर साय धरलेली असते.

दुसरं म्हणजे रस्स्यात कातडी कुरकुरीत राहत नाही. पाण्यात ती लिबलिबीत होते, लहान मुलं तोंडातून काढून ठेवतात. कातडीखालच्या मांसाला मसालाही कमी लागतो.

वासुदेव काका: मग गावरान कोंबडी लोक कातडीसकट का करतात?

सलीम भाई: काका, तिचं मांस घट्ट असतं, ती जास्त वेळ शिजते. तेवढ्या वेळात कातडी विरघळायला येते आणि रस्सा दाट, चिकट लागतो. शिवाय ती आधी जाळावर धरून भाजतात, तो धुराचा वास कातडीलाच लागतो. ब्रॉयलर २५-३० मिनिटांत शिजतो. तेवढ्यात कातडी अर्धवटच राहते.

तरी ब्रॉयलर स्किनवालाच करायचा असेल तर एक रीत आहे. कढईत चमचाभर तेल, पीस कातडीच्या बाजूनं खाली, मंद आचेवर १०-१२ मिनिटं. हलवायचं नाही. चरबी सुटते, कातडी तांबूस होते. पीस काढून ठेवा आणि त्याच चरबीत कांदा-मसाला परता. मसाला आधी परतला गेल्यामुळे रंगही धरतो. वरचं तेल किलोमागे दोन मोठे चमचे कमी करा. पण ५ किलोला हे चार-पाच घाण्यांत करावं लागेल. गच्चीवर ते जमणार नाही.

अर्चना वहिनी: मग रस्स्याला स्किनलेस. भाजायला?

सलीम भाई: भाजायला स्किनवालं, पण अख्खे लेगच घ्या, मांडीसकट. ३ किलोत बाराएक बसतील. छाती नको. शेगडीवर ती लवकर कोरडी पडते.

कातडी असली की मांस आतून ओलं राहतं, पण दोन चुका होतात. पहिली म्हणजे दह्याचा मसाला वरून थापणं. दही कातडीवर ओलं बसतं, मग करपतं, आणि कातडी चामड्यासारखी होते. कातडी कुरकुरीत व्हायची तर आधी कोरडी पाहिजे. शुक्रवारी रात्री लेग पुसून किलोला दोन छोटे चमचे मीठ लावा आणि उघड्या ताटात फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. सकाळी हात लावला तर कागदासारखी लागेल. मग बोटानं कातडी थोडी सैल करून आलं-लसूण, तिखट, थोडं तेल तिच्या आत, मांसावर चोळा.

दुसरी चूक म्हणजे सरळ निखाऱ्यावर ठेवणं. चरबी गळली की जाळ उठतो, कातडी काळी होते, तिला काजळीचा कडू वास लागतो आणि हाडाजवळ रक्त राहतं. निखारे शेगडीच्या एकाच बाजूला ओढा. लेग दुसऱ्या बाजूला, कातडी वर, आणि वरून परात पालथी घाला. ३५-४० मिनिटं. शेवटची ३-४ मिनिटं कातडी खाली करून निखाऱ्यावर. तेव्हा तिथून हलू नका, चिमटा हातातच ठेवा.

प्रमोद भाऊ: शिजलं हे कसं ओळखायचं? माझ्याकडे ओव्हनचा टोचायचा थर्मामीटर आहे.

सलीम भाई: आणाच. हाडाला न टेकवता मांडीच्या जाड भागात टोचा. ७४ डिग्री झाली की खायला सुरक्षित, पण लेग ८० च्या पुढे नेला तर जास्त मऊ लागतो, शिरा सुटतात.

नंदा काकू (सी-१०१): आमच्या घरी कातडी कोणी खात नाही. चार पीस स्किनलेस भाजता येतील का?

सलीम भाई: येतील काकू. त्यांना दही चालतं, चिरा पाडून मसाला आत जातो. किलोला दोन मोठे चमचे तेल मसाल्यातच घाला, नाही तर जाळीला चिकटून फाटतात.

अर्चना वहिनी: पैशांचं कसं? स्किनवाल्याचा भाव कमी सांगून राहिला तो.

मीनल ताई: वजनात कातडी आहे हे लक्षात घ्या. किलोतलं ११० ग्रॅम तेच. म्हणजे स्किनवालं २०० रुपये असेल, तर स्किनलेस २२५ पर्यंत तेवढ्याच भावात पडतं. त्याहून जास्त फरक असेल तरच स्किनवालं खरं स्वस्त.

अर्चना वहिनी: ठरलं तर. ५ किलो स्किनलेस रस्स्याला, १२ लेग स्किनवाले, नंदा काकूंचे ४ वेगळे.

सलीम भाई: लेग ताब्यात घेताना सांध्याजवळ बोट फिरवून पाहा. पिसांचे खुंट हाताला लागले तर तिथेच परत द्या, किंवा घरी गॅसच्या जाळावरून फिरवून घ्या. मीठ लावायच्या आधी.