फॉल्स चर्च नक्की कुठल्या काउंटीत?

रेस्टनचा रिकामटेकडा: ओपनस्ट्रीटमॅपवर सीमा दुरुस्त करताना दिसलं की व्हर्जिनियातल्या सगळ्या सिटींना कुणीतरी `admin_level=6` देऊन ठेवलंय, म्हणजे थेट काउंटीची पातळी. इतर राज्यांत शहराला 8 असते. फॉल्स चर्च जेमतेम दोन चौरस मैलांचं गाव, ते फेअरफॅक्स काउंटीच्या मांडीला मांडी लावून बसणार? शहर ते शहर. या वीकेंडला सगळी 8 करतोय. हरकत असेल तर आत्ताच बोला.

उंबरठा: हरकत आहे. आणि चहा गार होऊ देऊन लिहितोय, तेव्हा जरा लांबेल.

पातळी गावाच्या आकारावरून ठरत नाही, लगेच वर कोण बसलंय त्यावरून ठरते. व्हर्जिनियात सिटीच्या डोक्यावर काउंटी नसतेच, थेट राज्य असतं. 95 काउंट्या आणि 38 सिटी मिळून 133 तुकडे, आणि ते जोडले की राज्य पूर्ण होतं. तुम्ही 38 ना 8 केलंत की 6 च्या थरात 38 भोकं पडतील. मग फॉल्स चर्चमधला एखादा बिंदू घेऊन 'काउंटी कुठली' असं विचारलं तर उत्तर रिकामं येणार. कुठला तरी शहाणा प्रोग्राम ती रिकामी जागा शेजारच्या फेअरफॅक्सने भरणार, आणि ती चूक कुणाला दिसणारसुद्धा नाही. रिकामं उत्तर निदान डोळ्यांत तरी खुपतं.

आकाराचाच हट्ट असेल तर बेडफर्ड बघा. 2013 च्या 1 जुलैपर्यंत ती स्वतंत्र सिटी होती, जनगणनेच्या यादीत 51515 हा काउंटीच्या तोडीचा कोड. त्या दिवशी तिने सिटीपण सोडलं आणि भोवतालच्या बेडफर्ड काउंटीत टाउन म्हणून आत गेली. काउंटीचा कोड 51019. गावातली एक वीट हलली नाही, पण पातळी 6 वरून 8 झाली, कारण वरचा मालक बदलला. 2001 मध्ये क्लिफ्टन फोर्ज आणि 1995 मध्ये साउथ बॉस्टन हेच करून बसले होते. आजही कुणी 2010 चे आकडे नव्या नकाशाला जोडले की 51515 ची ओळ अधांतरी राहते आणि तो माणूस दोन तास डोकं धरून बसतो. मी बसलोय.

रेस्टनचा रिकामटेकडा: मोठं भाषण झालं. पण नकाशा वापरणाऱ्याला काय दिसतं? एक शहर. 'वरचा मालक' नकाशावर दिसत नाही.

सोनचाफा: मालक दिसत नसेल, पण बिल दिसतं! माझी गंमत ऐका. आमच्या पत्त्यात पोस्टाने एका स्वतंत्र सिटीचं नाव घातलंय, घर मात्र काउंटीत. गाडी घेतली तेव्हा फॉर्मवर 'गाडी रात्री कुठल्या हद्दीत उभी असते' असा प्रश्न होता. मी भाबडेपणाने पत्त्यातलं शहर लिहिलं. पुढच्या वर्षी त्या सिटीकडून गाडीच्या टॅक्सचं बिल आलं, मी मुकाट्याने भरलं. मग काउंटीला जाग आली, त्यांचंही बिल आलं, वर उशीर झाल्याचा दंड! दोन्हीकडे फोन केले. प्रत्येक ठिकाणची बाई गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही दुसऱ्यांशी बोला." शेवटी घराचं मालमत्ता कराचं बिल दाखवलं तेव्हा सिटीने पैसे परत केले. दंड गेला तो गेलाच.

नागपुरी संत्रं: आमच्या ऑफिसात तिघांचं हेच झालंय. हे पोस्टाचे पत्ते म्हणजे निव्वळ थट्टा आहे. पिनकोडवरून हद्द काढणारे सॉफ्टवेअरवाले सापडले तर दोन शब्द सुनवायचे आहेत.

सोनचाफा: दोनच? माझ्याकडे यादी आहे. विम्यावाल्यांनी तर पत्त्यातलं शहर बघून हप्ता काढला होता.

नागपुरी संत्रं: आणि व्हर्जिनियातून गाडी घेऊन मेरीलँडला गेलात तरी जुन्या हद्दीला कळवेपर्यंत बिलं येत राहतात. मला दोन वर्षं आली.

दोन शून्य: गाडीच्या टॅक्सचा नवा धागा काढा ना. नकाशावर बोलत होतो.

उंबरठा: थांबा, गाडीच्या टॅक्सनेच माझं काम केलंय. व्हिएन्ना हे टाउन फेअरफॅक्स काउंटीच्या आत आहे. तिथला माणूस घराचा कर टाउनला भरतो आणि काउंटीलाही. फॉल्स चर्चचा माणूस फक्त सिटीला भरतो. दोन्ही गावं दिसायला जुळी बहिणी, पण एकीवर दोन हात आहेत, दुसरीवर एकच. 8 आणि 6 मधला फरक हाच. बेडफर्डवाल्यांनाही टाउन झाल्यावर काउंटीचा हात लागला.

रेस्टनचा रिकामटेकडा: बरं, कराचं पटलं, अर्धं. मग कोर्टाचं काय? फॉल्स चर्चचं सर्किट कोर्ट आर्लिंग्टन काउंटीत बसतं. माझ्या मित्राला घटस्फोटाच्या कागदांसाठी तिथे जावं लागलं. एवढी 'स्वतंत्र' सिटी, आणि कोर्ट शेजारच्या काउंटीत! फेअरफॅक्स सिटीचंही कोर्ट काउंटीच्याच इमारतीत. कुठे गेलं स्वातंत्र्य?

उंबरठा: हा मुद्दा खरा आहे, नाइलाजाने मान्य. पण कोर्टाचं सर्किट ही वेगळी वाटणी आहे. ती काउंट्या आणि सिटींच्या गठ्ठ्यांवर चालते, त्यांच्या आत बसत नाही. बहुतेक सर्किटांत अनेक काउंट्या एकत्र असतात, म्हणून त्या एकमेकींच्या पोटात गेल्या असं कुणी म्हणत नाही.

आणि फेअरफॅक्सच्या कोर्टाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. काउंटीचं कोर्ट ज्या जागेवर आहे ती जागा काउंटीचीच, पण चारी बाजूंनी फेअरफॅक्स सिटी. म्हणजे काउंटीला सिटीचं भोक, आणि त्या भोकात परत काउंटीचा छोटा तुकडा. नकाशावर काउंटीच्या रिलेशनमध्ये, म्हणजे सगळ्या कडा एकत्र बांधणाऱ्या नोंदीत, सिटीची कड `inner` आणि त्या तुकड्याची कड परत `outer` अशी लावावी लागते. एक `inner` विसरलात की सिटीतल्या कुठल्याही बिंदूला दोन 6 मिळतात. लगेच तपासायचं असेल तर सिटीच्या मध्यावर एक बिंदू टाका आणि कोर्टाच्या दारात एक टाका. पहिल्याला फक्त सिटी मिळाली पाहिजे, दुसऱ्याला फक्त काउंटी.

पुणेरी पाटी: एवढा गोंधळ कशाला? आपल्याकडेही महानगरपालिका जिल्हा परिषदेच्या बाहेरच असते. पुण्यालाही तीच पातळी द्या आणि विषय संपवा.

दोन शून्य: काका, जिल्हा परिषदेच्या बाहेर, जिल्ह्याच्या नाही. पुण्याच्या कलेक्टरला विचारून बघा महानगरपालिका त्यांच्या जिल्ह्यात आहे की नाही. बाल्टिमोर सिटी खरंच बाल्टिमोर काउंटीच्या बाहेर आहे, 1851 पासून. काउंटीचं मुख्यालय टॉसनला, आणि कोड दोघांचे अगदी वेगळे, 24005 आणि 24510.

पुणेरी पाटी: मी कधी म्हटलं एकच आहे? 'तसंच' म्हटलं.

दोन शून्य: तुम्ही 'तसंच'ही म्हणाला नव्हतात. तसं काही शोधायचंच तर मुंबई घ्या. दोन जिल्ह्यांवर पसरलेली एक महापालिका, म्हणजे ती न्यूयॉर्कच्या जवळ जाते. तिथे शहर पाच काउंट्यांच्या वर बसलंय, म्हणून नकाशावर शहराला 5 आणि काउंट्यांना 6.

बे एरियाचा बाब्या: पण मग सॅन फ्रान्सिस्कोही स्वतंत्र सिटीच ना? तिलाही फक्त 6. झालं, सगळ्यांना 6, भांडण मिटलं.

उंबरठा: नाही हो, तिथे गंमत उलटी आहे. फॉल्स चर्च कुठल्याच काउंटीत नाही. सॅन फ्रान्सिस्को मात्र काउंटीत आहे, स्वतःच्याच. 1856 पासून सिटी आणि काउंटी एकाच कारभारात, दक्षिणेचा भाग सॅन मॅटिओ काउंटी म्हणून वेगळा काढला. तिथले सुपरवायझर म्हणजे काउंटीचं मंडळ आणि शहराची कौन्सिल, दोन्ही तेच. कोलोरॅडोतलं ब्रूमफील्डही तसंच. चार काउंट्यांत फाटलेलं शहर 2001 मध्ये स्वतःची काउंटी झालं, राज्याची चौसष्टावी. म्हणजे एका जागेवर 6 ही आहे आणि 8 ही आहे.

बे एरियाचा बाब्या: मग दोन रिलेशन काढायची? एकाच कडेवर? उद्या कुणी एक हलवलं आणि दुसरं विसरला की?

उंबरठा: कड एकच ठेवायची, दोन्ही रिलेशन तिच्यावरच टांगायची. कड हलली की दोन्ही हलतात.

दोन शून्य: मला ते मान्य नाही. सरकार एक, महापौर एक, आणि रिलेशन दोन? मी एकच काढेन आणि आत लिहीन की हे दोन्ही आहे:

```
boundary=administrative
admin_level=6
border_type=county;city
```

म्युनिकची मावशी: आमच्याकडचं सांगू का, रागावू नका. म्युनिक शहर आणि म्युनिक लांडक्राइस, म्हणजे आमच्याकडची काउंटी, वेगवेगळे आहेत. शहराचा कोड 09162, लांडक्राइसचा 09184. त्या लांडक्राइसचं ऑफिस मात्र आमच्या शहरात, मारियाहिल्फप्लाट्झवर, म्हणजे स्वतःच्या हद्दीबाहेर. लेकीच्या कुठल्याशा कागदासाठी मी चुकून तिथे रांगेत उभी राहिले होते. खिडकीवरचा माणूस हसला आणि म्हणाला, "तुम्ही शहरात राहता, आम्ही शहराचे नाही." पण जर्मनांनी कोडमध्ये एक सोय केली आहे. शहर नगरपालिका म्हणूनही मोजायचं असेल तर त्याच कोडपुढे तीन शून्यं, 09162000. जागा एक, पण दोन्ही पातळ्यांवर कोड आहे. आणि नकाशावर मात्र फक्त 6.

दोन शून्य: मावशी, माझ्या नावाला आज पहिल्यांदा काही अर्थ आला. एक शून्य कमी पडलं.

रेस्टनचा रिकामटेकडा: ठीक आहे. व्हर्जिनियाच्या 38 ना हात लावत नाही. बाल्टिमोर, सेंट लुईस आणि कार्सन सिटीलाही नाही, म्हणजे 41 झाली, खूश? पण सॅन फ्रान्सिस्कोला मी 8 चं दुसरं रिलेशन काढणार. कॅलिफोर्नियातली सगळी शहरं 8 मध्ये शोधणाऱ्याला तेवढं एकच सापडू नये, हे मला पटत नाही.

दोन शून्य: आणि मी ते काढून टाकणार.

उंबरठा: कार्सन सिटीला हात लावत नाही म्हणालात ते बरं. पण तिथे 1969 पर्यंत ऑर्म्सबी काउंटी होती, ती शहरात विरघळली. तेव्हा ती काउंटीबाहेरची सिटी की काउंटी गिळलेली सिटी, यावर मी दोन वर्षांपूर्वी एकाशी अबोला धरलाय.

सोनचाफा: हे सगळं ठरलं की मला सांगा, नवी गाडी घेतेय. त्या फॉर्मवर काय लिहू?

उंबरठा: पत्ता बघू नका. मालमत्ता कराच्या बिलावर वर ज्याचं नाव आहे तेच लिहा.

सोनचाफा: यंदा भाड्याने राहतेय.